लग्नाआधीची कपात आणि संध्याकाळची पूड

दिवाळी उलटली की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, आणि तिच्या दोन-तीन महिने आधीपासून तालुक्याच्या गावातील व्यायामशाळांत तरुणांची गर्दी वाढू लागते. कोणाला लग्नाचा कोट नीट अंगावर बसवावयाचा असतो, कोणाला सैन्यभरतीच्या धावण्यासाठी हलके व्हावयाचे असते. अंगावरील चरबी उतरावी पण कमावलेले स्नायू राहावेत, यासाठी काही आठवडे मोजून कमी खाण्याची जी पद्धत आहे, तिला ही मंडळी ‘कट’ म्हणतात. या कटाच्या दिवसांत घरातील फळीवर एक मोठा डबा येऊन बसतो. त्यात रंगीत, आंबूस चवीची पूड असते. व्यायामापूर्वी ती पाण्यात ढवळून प्यावयाची असते म्हणून तिला ‘प्री-वर्कआउट’ म्हणतात. जोडीला कधी एनर्जी ड्रिंकचा डबाही असतो. घरातील वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो की, हे औषध म्हणावे की विष?

आमच्या मते ते यांपैकी एकही नव्हे. या दोन्हींत जोर आणणारा मुख्य पदार्थ एकच, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. चहाकॉफीत असते तेच हे कॅफीन. फरक आहे तो मापाचा, वेळेचा आणि पोटाच्या स्थितीचा. हे तीन फरक ध्यानात आले म्हणजे भूक, झोप आणि हृदय यांवर होणारे परिणाम समजावयास कठीण जात नाहीत.

प्रथम माप पाहू. आपल्या घरच्या एका कप चहात साधारणपणे ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५ मिलिग्रॅम, सुमारे दोन कप चहाइतके. पुडीच्या एका मापात मात्र पुष्कळदा १५० ते ३०० मिलिग्रॅम असते, आणि ते चार-पाच घोटांत पोटात जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली असा निर्णय दिला की, निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेण्यास हरकत नाही. गरोदर स्त्रीसाठी मर्यादा दिवसाला २०० ची आहे. चहाने ही मर्यादा ओलांडावयास दहा कप लागतील. पुडीने ती दीड मापात गाठली जाते.

आता एका तरुणाचा दिवस घेऊ. तो कल्पित आहे, परंतु त्याच्यासारखे तरुण वाचकांच्या ओळखीत सहज सापडतील. वय २४, वजन ७८ किलो, लग्न दहा आठवड्यांवर. सकाळी सहाला एक कप चहा, दहाला दुसरा. प्रत्येकी ४० मिलिग्रॅम धरू. दुपारी जेवण अर्धे. चार वाजता गळून गेल्यासारखे वाटते म्हणून एनर्जी ड्रिंकचा डबा, ७५ मिलिग्रॅम. सायंकाळी साडेसहाला व्यायामशाळेत जाण्यापूर्वी पूड. एका मापात २०० मिलिग्रॅम असे डब्यावर लिहिले आहे, पण आता एका मापाने काही वाटेनासे झाल्यामुळे तो दीड माप घेतो, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. दिवसाची बेरीज झाली ४५५. आकडा मर्यादेच्या थोडाच वर आहे. खरी अडचण वेळेत आहे.

पोटात गेलेले कॅफीन निम्मे व्हावयास सरासरी पाच तास लागतात. पुढील पाच तासांत त्या निम्म्याचे निम्मे होते. कोणाचे शरीर ते लवकर काढून टाकते, कोणाचे फार सावकाश. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून ते लवकर जाते, म्हणून धूम्रपान सोडलेल्या माणसाला नेहमीचाच चहा अधिक चढतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच काळ पंधरा तासांपर्यंत लांबतो. आपल्या तरुणाला सरासरी माणूस धरू. रात्री साडेअकराला तो अंथरुणावर पडतो, तेव्हा पुडीतील ३०० पैकी १५० मिलिग्रॅम अंगात शिल्लक आहेत. चारच्या डब्यातील सुमारे २६ आणि सकाळच्या दोन चहांतील नऊ-दहा अद्याप आहेत. एकूण १८५ च्या आसपास. म्हणजे हा मुलगा जवळजवळ साडेचार कप चहा पिऊन निजावयास गेला आहे. पहाटे साडेचारला, कोंबडा आरवण्याच्या वेळी, त्यांपैकी दोन कपांहून अधिक अंगात आहेतच.

कॅफीन झोप उडविते ती कशी, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. मेंदू दिवसभर काम करतो तसतसा त्यात अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो मेंदूतील ठरावीक जागी जाऊन बसला म्हणजे आपल्याला पेंग येते. कॅफीन त्याच जागा आधीच अडवून बसते. थकवा तेथेच असतो, फक्त त्याची वर्दी मेंदूला मिळत नाही. म्हणून कॅफीनने शक्ती येते असे म्हणणे बरोबर नव्हे. थकव्याची जाणीव तेवढी पुढे ढकलली जाते.

यावर तो तरुण म्हणेल, “मला तर पडल्या पडल्या झोप लागते.” ते खरेही असेल, परंतु त्याने फारसे सिद्ध होत नाही. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना ४०० मिलिग्रॅम कॅफीन निजण्याच्या वेळी, तीन तास आधी आणि सहा तास आधी असे निरनिराळ्या रात्री देऊन यंत्राने झोप मोजली. सहा तास आधी घेतलेल्या कॅफीननेही झोप एक तासाहून अधिक घटली. त्या माणसांना स्वतःला मात्र या घटीची पुरती जाणीव नव्हती. पुढे २०२३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, झोपेचा काळ घटू नये म्हणून कपभर कॉफी निजण्यापूर्वी सुमारे नऊ तास, आणि प्री-वर्कआउट पुडीचे एक माप सुमारे तेरा तास आधी घ्यावे. रात्री अकराला निजणाऱ्याने पूड घ्यावयाचीच तर ती सकाळी दहाच्या आत घ्यावी, हा त्याचा सरळ अर्थ.

कोणी विचारील की, लग्नापर्यंत तासभर झोप कमी मिळाली तर काय बिघडले? एरवी फार बिघडले नसते. परंतु जो मोजून कमी खात आहे त्याचे फार बिघडते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या दहा माणसांना त्यांनी १४ दिवस कमी आहारावर ठेवले. एकदा रात्री साडेआठ तास अंथरुणावर राहू दिले, आणि पुन्हा केव्हा तरी १४ दिवस, तितक्याच कमी आहारावर, फक्त साडेपाच तास. दोन्ही वेळी वजन सारखेच उतरले, सुमारे तीन किलो. पण पुरेशी झोप असताना त्यांपैकी १.४ किलो चरबी होती, आणि झोप कमी असताना केवळ ०.६ किलो. उरलेले वजन स्नायू इत्यादी चरबीविरहित भागांतून गेले. प्रयोग लहान होता आणि त्यातील माणसे व्यायाम करणारी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तथापि दिशा स्पष्ट आहे. जे घालवावयाचे ते राहिले आणि जे राखावयाचे ते गेले, आणि वजनकाट्याने याची चाहूलही दिली नाही.

म्हणून कट करणाऱ्याने काट्यावर विसंबू नये, असे आमचे सांगणे आहे. त्याऐवजी दर आठवड्याला, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी, शिंप्याच्या टेपने बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. आणि नेहमीचे वजन तो किती वेळा उचलू शकतो ते वहीत लिहावे. कंबर घटत आहे आणि उचलण्याची शक्ती टिकून आहे, तर काम नीट चालले आहे. वजन उतरते, कंबर मात्र तेथल्या तेथे आणि हातातील जोर दर आठवड्याला कमी, तर स्नायू जात आहेत असे समजावे. अशा वेळी बहुतेक तरुण पुडीचे माप वाढवितात. त्याने झोप आणखी घटते आणि चक्र पुढे चालू राहते.

आता भुकेकडे वळू. कॅफीन भूक मारते असा सर्वांचा समज आहे, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. काहींची भूक ते तास-दोन तास मंदावते. परंतु हा परिणाम लहान आहे, आणि सवय झाली म्हणजे आणखी घटतो. आपल्या तरुणाने चारच्या डब्याने दुपारची भूक दाबली. ती नाहीशी झाली नाही, रात्री दहापर्यंत थांबून राहिली. त्यात झोपेचा भाग मिळतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास अंथरुणावर ठेवले असता, पोट भरल्याची खबर देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक लावणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची इच्छा विशेष बळावली. म्हणून रात्री फरसाणाच्या डब्याकडे हात जातो, तो केवळ मनाच्या दुबळेपणाने नव्हे. शिवाय साखर घातलेल्या एनर्जी ड्रिंकच्या एका डब्यात सुमारे २७ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे असतात; त्यातून सव्वाशेच्या आत-बाहेर उष्मांक मिळतात, पोट मात्र भरत नाही.

पूड ‘चरबी जाळते’ असेही डब्यावर छापलेले असते. त्याचा हिशेब करून पाहावा. १०० मिलिग्रॅम कॅफीनने स्वस्थ बसलेल्या माणसाचा उष्मांकांचा खर्च तीन-चार टक्क्यांनी, सुमारे अडीच तास वाढतो. अशा माणसाचा तासाचा खर्च ७० उष्मांक धरला तर अडीच तासांचा १७५ झाला. त्याचे चार टक्के म्हणजे सात. सात उष्मांक म्हणजे एका मारी बिस्किटाचा जेमतेम एक तुकडा!

व्यायामाच्या वेळी मात्र कॅफीनचा खरा उपयोग होतो, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. शरीराच्या दर किलोला तीन मिलिग्रॅमच्या आसपास ते घेतल्यास श्रम हलके वाटतात आणि काम थोडे अधिक होते. कित्येकांना किलोमागे दोन मिलिग्रॅमही पुरतात. आपल्या ७८ किलोच्या तरुणास हे माप सुमारे १५६ मिलिग्रॅम पडते, तो घेतो त्याच्या निम्मे. पूड प्याल्यावर कानाशी आणि बोटांना ज्या मुंग्या येतात त्यांवरून अनेकजण ‘आता चढली’ असे म्हणतात. परंतु त्या मुंग्या बीटा-अ‍ॅलनीन नावाच्या दुसऱ्या पदार्थाच्या असतात, आणि शक्तीशी त्या क्षणी त्यांचा काही संबंध नसतो.

उरला हृदयाचा प्रश्न, आणि येथे अधिक सावध राहिले पाहिजे. निरोगी माणसाच्या हृदयास चहाकॉफीचे कॅफीन सहसा अपाय करीत नाही. एकदम मोठे माप घेतले म्हणजे मात्र अ‍ॅड्रिनलिन वाढते, रक्तदाब चढतो, छातीत धडधडते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ३४ निरोगी तरुण माणसांना सुमारे ९५० मिलिलिटर एनर्जी ड्रिंक तासाभरात पाजले. त्यांचा रक्तदाब वाढला, आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या विद्युत्प्रवाहाला पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा काळही किंचित लांबला. निरोगी माणसात ही लांबण लहान; पण ज्याच्या हृदयात जन्मतःच तसा दोष आहे, आणि ज्याला तो ठाऊक नाही, त्याच्या ठोक्यांचा ताल याने बिघडू शकतो.

कटाच्या दिवसांत हा धोका वाढण्याची कारणे साधी आहेत. पोट रिकामे असले म्हणजे कॅफीन रक्तात लवकर चढते. घामावाटे पाणी आणि मीठ जाते. भाजी, फळे, डाळ ताटातून गेली म्हणजे हृदयाचा ताल सांभाळणारे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा पुरवठाही आटतो. काहीजण स्पर्धेपूर्वी अंगातील पाणी उतरविण्यासाठी लघवीच्या गोळ्या घेतात. त्यांनी पोटॅशियम आणखी घटते. या गोळ्या आणि पूड एकत्र घेणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

याचे एक उदाहरण अमेरिकेत नोंदलेले आहे. बाल्टिमोरच्या बेसबॉल संघातील स्टीव्ह बेकलर नावाचा २३ वर्षांचा खेळाडू फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लॉरिडातील सरावाच्या वेळी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी उष्माघाताने वारला. तो वजन उतरवीत होता, त्याने फारसे खाल्ले नव्हते, त्याला रक्तदाबाचा त्रास होता, हवा दमट होती. आणि तो एफेड्रा या वनस्पतीचे सत्त्व असलेल्या वजन उतरविण्याच्या गोळ्या घेत होता. अशा गोळ्यांत एफेड्राच्या जोडीला बहुधा कॅफीनही असे. एकट्या कोणत्याही कारणाने हा मुलगा गेला असता असे नाही. सगळी एका सकाळी एकत्र आली. पुढे २००४ साली अमेरिकन सरकारने एफेड्रा असलेल्या अशा पूरक पदार्थांवर बंदी घातली. एफेड्रा गेला, तरी त्याच्या जागी योहिम्बीन, सिनेफ्रिन अशी दुसरी उत्तेजके पुडींत दिसतात. म्हणून डबा घेताना मागील बाजू वाचावी. कॅफीन किती मिलिग्रॅम हे स्वच्छ लिहिलेले नसेल, किंवा सर्व घटक ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या एका नावाखाली एकत्र करून एकच वजन दिले असेल, तर तो डबा दुकानातच ठेवावा. ग्वाराना असे लिहिले असेल तर तेही कॅफीनच, वेगळ्या नावाने आलेले.

सुटी, शुद्ध कॅफीनची पूड तर घरात येऊच देऊ नये. तिच्या चहाच्या एका चमच्यात माणूस दगावू शकेल इतके कॅफीन मावते. वेल्समध्ये २०२१ साली एका तरुण व्यायामशिक्षकाचा मृत्यू याच कारणाने झाला. त्याला मिलिग्रॅमांत मोजावयाचे होते, आणि त्याचा काटा दोन ग्रॅमच्या खालचे वजन दाखवीतच नव्हता.

आता त्या तरुणाचा दिवस दुरुस्त करू. त्याने व्यायामाची वेळ सकाळी सहाची केली तर पुडीचे पाऊण माप, म्हणजे १५० मिलिग्रॅम, पेलाभर पाण्यातून एखादे केळे खाऊन घ्यावे, आणि मग सकाळचा पहिला चहा सोडावा. रात्री साडेअकरापर्यंत त्यातले पंधराही उरणार नाहीत. सायंकाळीच जावयाचे असेल तर पूड बंद. पाच वाजता दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर चणे आणि एक केळे पुरे. दुपारचे जेवण अर्धे न करता पुरे करावे आणि कपात रात्रीच्या भातात व तेलात करावी, म्हणजे चारच्या डब्याची गरजच पडणार नाही. कॅफीन एकदम सोडू नये. डोके दुखते, चिडचिड होते आणि ते दिवस वाया जातात. दर तीन-चार दिवसांनी एक चतुर्थांश कमी करीत गेल्यास पंधरवड्यात ते सुटते.

आणि घरच्यांनी एवढे पाहावे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मुलाने मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि लिहून ठेवावी. नेहमीपेक्षा ती आठवडाभर आठ-दहा ठोक्यांनी वर राहिली, तर पूड थांबवून झोप आणि जेवण वाढवावे. ठोके चुकल्यासारखे वाटणे, छाती भरून येणे किंवा व्यायाम चालू असताना घेरी येणे याला अशक्तपणा समजून लिंबूपाणी देत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि सोबत तो डबाही न्यावा. ज्या घरात कोणी चाळिशीच्या आत अकस्मात गेलेले आहे, ज्याला रक्तदाब आहे, किंवा जो दम्याच्या वा सर्दीच्या गोळ्या घेतो, त्याने हृदयाचा आलेख काढून डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून पुडीला हात लावू नये. अठरा वर्षांखालील मुलांना तर ही पूड आणि ते पेय, दोन्ही वर्ज्य समजावीत.